वॅट कॉइलचे, वारा मोटरचा: हेअर ड्रायर आणि दाढीचा ट्रिमर कसा निवडावा

बेळगावच्या खडे बाजारात किंवा निपाणी-चिकोडीच्या दुकानात हेअर ड्रायर मागितला की दुकानदार आधी वॅट सांगतो. हजार, बाराशे, सोळाशे, दोन हजार. ऐकणाऱ्याला वाटतं ही मोटरची ताकद, आणि जितके वॅट जास्त तितका वारा जास्त. तसं नसतं. ड्रायरच्या बॉक्सवरच्या वॅटमधला बहुतेक भाग आतल्या तापणाऱ्या कॉइलचा असतो. साध्या घरगुती ड्रायरची मोटर त्यातले फार थोडे वॅट घेते, बाकी सगळी उष्णता. त्यामुळे दोन ड्रायर १२०० वॅटचे असले, तरी एकाचा वारा जोरदार आणि कोमट लागतो, तर दुसऱ्याचा मंद आणि चटका देणारा. कॉइल तेवढीच, पण तिच्यावरून जाणारी हवा कमी, म्हणून ती हवा जास्त तापते. केस सुकतात ते उष्णता आणि वारा दोन्हींमुळे. केस करपतात ते मात्र वारा कमी पडल्यामुळे.

ड्रायर निवडताना सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं. पण आधी दुकानात जायचं नाही. आधी घरातला प्लग बघायचा.

पहिली पायरी: घरातला पॉइंट आणि व्होल्टेज

खोलीतला नेहमीचा लहान पिनचा पॉइंट ६ अँपिअरचा असतो. २३० व्होल्टला ६ अँपिअर म्हणजे १३८० वॅट. म्हणजे १००० किंवा १२०० वॅटचा ड्रायर त्यावर बिनधास्त चालतो. २००० वॅटचा ड्रायर साधारण ८.७ अँपिअर ओढतो. त्याला गीझरसारखा १६ अँपिअरचा मोठा पॉइंट हवा. अडचण अशी, की आपल्याकडच्या बऱ्याच घरांत असा मोठा पॉइंट एकतर स्वयंपाकघरात असतो नाहीतर न्हाणीघरात, आणि न्हाणीघर ही ड्रायर वापरायची जागाच नव्हे. ओले हात, ओली फरशी आणि २३० व्होल्ट यांचा मेळ बसत नाही. शिवाय बटण बंद असलं तरी प्लग लावलेला ड्रायर पाण्यात पडला तर धोका तसाच राहतो.

काही मोठ्या वॅटच्या ड्रायरला लहान पिनच दिलेली असते, म्हणून तो खोलीतल्या पॉइंटमध्ये बसतो. बसतो म्हणजे चालतो असं नाही. पाच मिनिटांनी पिन हाताला गरम लागते, सॉकेटच्या भोकांभोवती तपकिरी डाग पडतो, प्लास्टिकचा वास येतो. स्वस्तातल्या एक्स्टेन्शन बोर्डावर हे आणखी लवकर होतं, कारण त्याची तार बारीक असते. पिन गरम लागली तर ड्रायर बदलण्याआधी पॉइंट बदलून घ्या.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. हेस्कॉमच्या लाईनच्या टोकाला असलेल्या गावात, पंप सुरू असताना, बल्ब डीम होणं नवीन नाही. कॉइलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे व्होल्टेज थोडं उतरलं तरी उष्णता बरीच उतरते. २३० चे १९० व्होल्ट झाले, तर १२०० वॅटचा ड्रायर प्रत्यक्षात सव्वाआठशे वॅटच्या आसपास देतो. मोटरही मंदावते. अशा घरात १००० वॅटचा ड्रायर घेतला तर तो सातशेच्या खाली येतो आणि लांब केसांना फारच वेळ लागतो.

इन्व्हर्टरवर ड्रायर चालवायचा विचार सोडून द्या. पंखे-दिव्यांसाठी बसवलेला ८००-९०० व्हीएचा घरगुती इन्व्हर्टर १००० वॅटचा ड्रायर लावताच ओव्हरलोड दाखवून बंद पडतो. ट्रिमरचं चार्जिंग त्यावर खुशाल होतं.

दुसरी पायरी: मोटर ओळखणं

बाजारात तीन जातीच्या मोटरी मिळतात.

पहिली, लहान डीसी मोटर. फिलिप्स, पॅनासोनिक, हॅवेल्स, वेगा, नोव्हा यांचे हजार-बाराशे वॅटचे घडी घालता येणारे ड्रायर बहुतेक या जातीचे. हलके, स्वस्त, आवाज थोडा किनरा. घरात एक-दोघांना आठवड्यातून दोन-तीनदा वापरायला हे पुरेसे आहेत.

दुसरी, एसी मोटर. आयकॉनिकसारख्या ब्रँडचे सलूनसाठी बनवलेले मोठे ड्रायर या जातीचे. ती थेट २३० व्होल्टवर चालते, वजनाने जड असते, वारा भरपूर देते आणि दिवसभर चालली तरी तग धरते. पण दंड भरून येईल इतका जड ड्रायर घरी दहा मिनिटं डोक्यावर धरणं त्रासाचं, आणि वॅट बहुधा १८०० च्या पुढे, म्हणजे पुन्हा मोठ्या पॉइंटचा प्रश्न.

तिसरी, ब्रश नसलेली अतिवेगवान मोटर. डायसनच्या सुपरसॉनिकची मोटर मिनिटाला १,१०,००० फेरे घेते आणि तो पूर्ण ड्रायर १६०० वॅटचा आहे. २२०० वॅटच्या साध्या ड्रायरपेक्षा वॅट कमी असूनही केस झटपट सुकतात, कारण वारा जास्त. वॅटवरून ड्रायर जोखू नये याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही. किंमत मात्र साध्या ड्रायरच्या कित्येक पट. अलीकडे इतर कंपन्याही अशी मोटर देतात. घेताना फेऱ्यांचा आकडा बघा, आणि तिच्यातली इलेक्ट्रॉनिक्स बिघडली तर गल्लीतला मिस्त्री ती दुरुस्त करू शकणार नाही हे गृहीत धरा.

बॉक्सवर मोठ्या अक्षरात ‘प्रोफेशनल २००० वॅट’ लिहिलेला आणि पाचशे-सहाशे रुपयांत मिळणारा ड्रायर दिसला तर आकड्यावर विश्वास ठेवू नका. तो आकडा घरी तपासता येतो. घरातलं सगळं बंद करा, फक्त ड्रायर पूर्ण उष्णतेवर चालू ठेवा आणि विजेच्या मीटरवरचा लाल दिवा एका मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते मोजा. मीटरवर 3200 imp/kWh असं लिहिलेलं असेल तर १२०० वॅटला मिनिटाला ६४ वेळा आणि २००० वॅटला सुमारे १०७ वेळा दिवा लागायला हवा. आकडा वेगळा असेल तर हिशेब असा:

```
W = (blinks per minute × 60000) ÷ imp/kWh
```

व्होल्टेज उतरलेलं असताना मोजलं तर आकडा कमीच येईल, तेव्हा सकाळी लवकर किंवा दुपारी लाईट चांगली असताना मोजा.

तिसरी पायरी: उष्णतेची बटणं

ड्रायरवर एकच सरकतं बटण असेल, शून्य-एक-दोन, तर उष्णता आणि वारा एकत्रच कमी-जास्त होतात. अशा बऱ्याच स्वस्त ड्रायरमध्ये ‘एक’ वर एक डायोड मध्ये येतो आणि कॉइलला व मोटरला दोघांनाही निम्माच पुरवठा मिळतो. उष्णता कमी झाली, पण वाराही कमी झाला. म्हणून हवेचं तापमान वाटतं तितकं उतरत नाही; फक्त वेळ वाढतो. ‘मी कमीवरच वापरते तरी केस राठ झाले’ ही तक्रार बऱ्याचदा इथून येते.

म्हणून दोन वेगळी बटणं असलेला ड्रायर घ्या, एक वाऱ्याचं आणि एक उष्णतेचं. मग वारा पूर्ण ठेवून उष्णता मधली ठेवता येते, आणि रोजच्या वापराला हीच जोडी योग्य. उष्णतेच्या तीन पायऱ्या पुरतात. त्याहून जास्त असल्या तरी वापरणारे फिरून त्याच दोनवर येतात.

तिसरं बटण थंड हवेचं. केस जवळजवळ सुकल्यावर शेवटचं अर्धं मिनिट थंड वारा दिला की वळण टिकतं. इथेही एक मेख आहे. स्वस्त डीसी ड्रायरमध्ये मोटरला लागणारं कमी व्होल्टेज कॉइलच्याच एका छोट्या तुकड्यातून मिळवतात, म्हणून थंड बटण दाबल्यावरही तो तुकडा तापतच राहतो आणि हवा कोमट येते. दुकानात थंड बटण वीस सेकंद दाबून धरा आणि हवा खरंच गार होते का ते हाताच्या पाठीवर बघा.

अंतर तापमानापेक्षा कमी महत्त्वाचं नाही. कोरियात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केसांवरचं तापमान १५ सेंटिमीटरवर ४७ अंश, १० वर ६१ आणि ५ वर ९५ अंश सेल्सिअस होतं. १५ सेंटिमीटर म्हणजे साधारण एक वीत. एक वीत लांब आणि हात सतत फिरता, एवढं पाळलं तर १२०० वॅटच्या साध्या ड्रायरनेही केसांचं फारसं बिघडत नाही. काही फिलिप्स ड्रायरवर ‘थर्मोप्रोटेक्ट’ अशी पायरी असते, तीही हवेचं तापमान मर्यादेत ठेवण्यासाठीच आहे.

‘आयोनिक’ आणि ‘टूर्मलाइन’ या शब्दांसाठी जास्त पैसे मोजायचे की नाही? आयोनिकचा उपयोग केस उडण्यावर, चिकटण्यावर होतो, आणि तो आपल्याकडच्या कोरड्या थंडीत थोडा जाणवेल. जुलैत खानापूर-जांबोटीच्या दमट हवेत जाणवणार नाही. टूर्मलाइनचा लेप बऱ्याच ड्रायरमध्ये पुढच्या जाळीवरच असतो. दोन बटणं आणि चांगला वारा मिळून पैसे उरले तर घ्या, नाहीतर नको.

एक उदाहरण सोडवून

समजा खानापूर तालुक्यातल्या एका घरात कॉलेजला जाणारी मुलगी आहे, केस कमरेपर्यंत. खोलीत फक्त ६ अँपिअरचा पॉइंट, संध्याकाळी व्होल्टेज १९० पर्यंत उतरतं. टॉवेलने नीट टिपल्यावर केसांत १०० ग्रॅम पाणी राहिलं असं धरू. तेवढं पाणी उडवायला साधारण २४० किलोज्यूल उष्णता लागते. ड्रायरच्या उष्णतेतला तिसरा हिस्सा केसांवर कामी येतो असं धरलं, तर १२०० वॅटला सुमारे दहा मिनिटं, आणि तोच ड्रायर १९० व्होल्टवर सव्वाआठशेवर आला की पंधरा मिनिटांच्या जवळ.

दहाच्या जागी पंधरा मिनिटं लागली की माणूस काय करतो? ड्रायर जवळ आणतो, आणि मग केस करपतात. म्हणून इथे दोन गोष्टी ठरतात. १००० वॅटचा घडीचा ड्रायर स्वस्त पडत असला तरी नको. आणि २००० वॅटचा घेऊन लहान पॉइंटवर लावणंही नको. १२०० वॅटचा, वारा-उष्णतेची वेगळी बटणं असलेला ड्रायर घ्यायचा, आणि केस संध्याकाळऐवजी सकाळी धुवायचे. टॉवेल जुना सुती घेऊन आणखी वीस ग्रॅम पाणी टिपलं तरी दोन मिनिटं वाचतात. एवढी बचत महागड्या लेपातून होत नाही.

वापरताना ड्रायर मध्येच बंद पडून दहा मिनिटांनी आपोआप सुरू झाला, तर बहुधा आतला थर्मोस्टॅट काम करतोय. मागची जाळी बघा. तिथे केस आणि धूळ बसलेली असते, हवा आत येत नाही, कॉइल जास्त तापते. जाळी काढून जुन्या टूथब्रशने साफ करा, महिन्यातून एकदा. पुढून बघताना कॉइलचा एखादाच भाग लालभडक दिसत असेल तर तिथे हवा पोचत नाही. तो ड्रायर वापरणं थांबवा. एकदा बंद पडून पुन्हा सुरूच झाला नाही तर थर्मल फ्यूज गेलेला असू शकतो. तो एकदाच वापरायचा असतो, आणि त्याच्या जागी साधी तार जोडून देणाऱ्या मिस्त्रीकडून ड्रायर परत आणू नका. जास्त तापल्यावर वीज तोडणारा तो शेवटचा पहारा असतो.

आता ट्रिमर

ट्रिमरमध्ये वॅटचा प्रश्नच येत नाही. मोटर बॅटरीवर चालते आणि वॅट अगदी थोडे. इथे बॉक्सवर फेऱ्यांचा आकडा असतो, मिनिटाला ५०००, ६०००, ७०००. हा आकडा मोकळ्या हवेतला. दाट, राठ दाढीत शिरल्यावर मोटर किती मंदावते ते महत्त्वाचं, आणि ते आवाजावरून कळतं. दुकानदार परवानगी देईल तर हाताच्या केसांवर चालवून बघा: आवाज एकसारखा राहिला तर मोटर दमदार, घोगरा होऊन खाली आला तर दाढीत केस ओढले जाणार. पॅनासोनिकच्या काही मॉडेलमध्ये लिनिअर मोटर असते, ती फिरण्याऐवजी सरळ पुढे-मागे हलते आणि राठ केसांत कमी मंदावते.

बॅटरी दोन प्रकारची. स्वस्त ट्रिमरमध्ये अजूनही निकेल-मेटल हायड्राइड मिळते. तिला भरायला अनेकदा आठ तास लागतात, आणि ती संपत आली की वेग हळूहळू उतरतो. उतरलेल्या वेगावर पातं केस कापण्याऐवजी पकडतं आणि ओढतं. लिथियम-आयन तासा-दोन तासांत भरते, शेवटपर्यंत वेग बऱ्यापैकी टिकवते आणि मग एकदम थांबते. अर्धी दाढी झाल्यावर थांबली तर? म्हणून बॉक्सवर ‘कॉर्डेड आणि कॉर्डलेस’ असं लिहिलंय का बघा. पाण्याखाली धुता येणारे बरेच ट्रिमर चार्जरला लावलेले असताना मुद्दाम चालत नाहीत. तो बिघाड नाही, सुरक्षेसाठी केलेली रचना आहे.

पातं

ट्रिमरला दोन पाती असतात. एक स्थिर, कंगव्यासारखं दातेरी. त्यावर दुसरं डावी-उजवीकडे हलतं. केस दोघांच्या मध्ये सापडून कात्रीसारखा कापला जातो. धातूची चर्चा या जोडीची आहे, आणि जाहिरातीत ती बहुतेक वेळा एकाच पात्याची असते.

स्टेनलेस स्टील सर्वांत सामान्य, आणि घरगुती वापराला सर्वांत समजूतदार. फिलिप्सच्या ट्रिमरवर ‘आपोआप धार लागणारी’ असं लिहिलेलं असतं: दोन पाती एकमेकांवर हलकेच घासत राहतात आणि धार टिकते. अशा पात्याला कंपनी तेल लावायला सांगत नाही.

‘टायटॅनियम’ म्हणजे पूर्ण पातं टायटॅनियमचं नव्हे. ते बहुधा स्टीलवरचं पातळ कडक आवरण असतं, तेही कधीकधी फक्त सोनेरी रंगापुरतं. खालचं स्टील चांगलं नसेल तर आवरण झिजल्यावर धार जाते. नावाजलेल्या ब्रँडमध्ये त्याचा फायदा आहे, बिननावाच्या ट्रिमरमध्ये सोनेरी रंगाचे जास्त पैसे देऊ नका.

सिरॅमिकचं पातं गंजत नाही आणि कमी तापतं. बहुधा हलणारं पातं सिरॅमिकचं आणि स्थिर स्टीलचं असतं. त्याची उणीव एकच पण मोठी: फरशीवर पडलं तर दात तुटतो, आणि तुटलेला दात कातडी ओरबाडतो.

हाय कार्बन स्टील वाहलसारख्या सलून-ब्रँडच्या क्लिपरमध्ये असतं. धार अप्रतिम, पण तेल आणि कोरडेपणा न पाळल्यास गंज. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात कपाटातली वस्तूही ओलसर लागते. तिथे घरगुती वापराला स्टेनलेस किंवा सिरॅमिकच बरं.

तेल लागणाऱ्या पात्याला खोबरेल लावायची सवय खूप घरांत आहे. ते टाळा. आपल्या थंडीत खोबरेल बाटलीत गोठतं तसंच पात्यांमध्येही गोठतं, केसांची भुकटी त्यात चिकटते आणि मोटर जड होते. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो. लावून दहा सेकंद चालवा आणि जास्तीचं पुसा.

कंगव्याची पायरी किती मिलिमीटरची आहे तेही बघा. दाढी ३ ते ४ मिलिमीटरवर ठेवणाऱ्याला अर्ध्या मिलिमीटरची पायरी उपयोगी, कारण एक मिलिमीटरची उडी चेहऱ्यावर लगेच दिसते. पहिल्या वेळी हव्या त्या लांबीपेक्षा दोन मिलिमीटर वर ठेवून सुरू करा आणि खाली या. दुकानातून निघताना सुटा कंगवा आणि सुटं पातं बेळगावात मिळतं का ते विचारा. कोल्हापूर-गोव्याहून घेतला तर तारीख आणि सिरीयल नंबर असलेलं बिल घ्या, वॉरंटीला तेच लागतं.

ट्रिमर केस ओढू लागला की लगेच पातं खराब झालं असं समजू नका. आधी पूर्ण चार्ज करा. मग पातं काढून ब्रशने खालची भुकटी काढा. बोअरच्या जड पाण्याने धुवत असाल तर पांढरा थर बसलाय का बघा आणि पुढे पिण्याच्या पाण्याने खळबळून, पूर्ण सुकवून बसवा. दाढी तेल लावलेली किंवा ओली असेल तर धुऊन कोरडी करून पुन्हा चालवा. ट्रिमर पडला असेल तर दोन्ही पात्यांच्या कडा समांतर आहेत का ते उजेडात धरून पाहा. हलणारं पातं स्थिर पात्याच्या पुढे आलेलं दिसलं तर ते कातडी कापेल, तेव्हा चालवू नका. एवढं करूनही ओढत असेल, तर नवीन पात्याची जोडी घ्या.